फी किती ठेवू, असं विचारलंस म्हणून

बाळ,

रविवारी तू गेलीस आणि तुझ्या मिसळीच्या फ्रँचायझीची फाइल माझ्याच टेबलावर राहिली. फोन करून सांगणार होतो, पण म्हटलं असू दे, आधी वाचून काढू. रात्री दोनदा वाचली. लोगो झकास झालाय, त्यात वाद नाही. बत्तीस पानं आहेत. त्यात मिसळीचे फोटो नऊ, तुझ्या आईचा चुलीपुढचा एक. आणि ज्याचे पैसे यात अडकणार आहेत, त्या माणसाच्या हातात महिन्याअखेर काय उरणार, याचं एकही पान नाही.

तुझ्या नावाने दुकान काढणाऱ्याकडून सुरुवातीला घ्यायच्या पैशांबद्दल तुझा प्रश्न एवढाच होता, "काका, फी किती ठेवू? बाकीचे पाच-पाच लाख घेतात." तुझ्या मिसळीच्या त्या व्हिडिओनंतर दुकान मागायला सात जणांचे फोन आले, भाऊ म्हणतो हीच वेळ आहे, आई म्हणते थांब, आणि तू मधल्या मध्ये. मी तेव्हा चहा पीत बसलो आणि नीट उत्तर दिलं नाही. खरं सांगायचं तर मला राग आला होता. तुझा नाही. अकरा वर्षांपूर्वी मी हाच प्रश्न एका माणसाला विचारला होता आणि त्याने मला आकडा सांगितला होता. त्याने आकडा न सांगता मला दाराबाहेर काढायला हवं होतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, पुढे पुन्हा पुन्हा सांगणारच आहे. फी हे तुझं उत्पन्न नाही. दुकान घेणाऱ्याच्या गल्ल्यात पैसा आला आणि त्यातून जो तुझ्याकडे आला, तेवढाच तुझा. बाकी सगळी त्याची ठेव आहे असं समज.

माझा चहा तुला माहीत आहे. साताऱ्यात एक टपरी, मग एक दुकान, मग पुण्यात दोन. चारही ठिकाणी धंदा चांगला. पुढे अमृततुल्यची लाट आली आणि मीही बोर्ड छापले. अडीच लाख फी. चौदा महिन्यांत अकरा दुकानं दिली. साडेसत्तावीस लाख रुपये. इतका पैसा मी एकत्र कधी पाहिला नव्हता. ऑफिस भाड्याने घेतलं, दोन मुलं कामाला ठेवली, एक गाडी घेतली. दुकानं बघत फिरायला गाडी लागतेच, असं तेव्हा मी घरी सांगितलं होतं, आणि आजही मला ते पूर्ण खोटं वाटत नाही.

पण झालं काय ते बघ. ऑफिसचा, त्या मुलांचा, डिझेलचा खर्च महिन्याला लाखाच्या वर. अकरा दुकानांकडून रॉयल्टी, म्हणजे त्यांच्या विक्रीतला माझा हिस्सा, यायची तीस-पस्तीस हजार, तीही निम्म्यांची थकलेली. उरलेला खर्च कुठून भागायचा? बाराव्या दुकानाच्या फीमधून. म्हणजे जुन्या दुकानाची गाडी नव्या माणसाच्या पैशावर चालली होती. असं झालं की माणूस आपोआप एका ठिकाणी आंधळा होतो. समोर आलेला माणूस चांगला दुकानदार होईल का, त्याची जागा चालेल का, हे बघायचे डोळे बंद होतात. त्याच्याकडे चेक आहे का, एवढंच दिसतं. मी कुणाला फसवायला निघालो नव्हतो. फी मोठी आणि रॉयल्टी छोटी असली की ती रचनाच तुला तिकडे ढकलते.

त्यातल्या एका माणसाचं सांगतो. नोकरीतून लवकर निवृत्त झालेला, पीएफचे पैसे घेऊन आला होता. जागा त्यानेच बघितली होती, कॉलेजच्या रस्त्याला. मी गेलो तो दुपारी चार वाजता. गर्दी होती. मी तिथल्या तिथे हो म्हटलं. सकाळी सहा ते नऊ त्या रस्त्यावर कुत्रं फिरत नाही आणि कॉलेज वर्षातले किती महिने बंद असतं, हे मी बघितलं नाही. चहाच्या दुकानाचा निम्मा गल्ला सकाळी होतो, हे मला माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? मला त्याचा चेक हवा होता. सातव्या महिन्यात त्याने शटर ओढलं. एके दिवशी छोट्या टेम्पोत बोर्ड घालून माझ्या ऑफिसला आला. आतल्या एलईडी पट्ट्या काढून नीट गुंडाळून रबर लावून ठेवलेल्या. म्हणाला, "हे तुमचं आहे, करारात परत द्यायचं लिहिलंय." भांडला असता तर बरं झालं असतं. मी त्याला करारातलं दुसरं कलम दाखवलं, फी परत मिळणार नाही असं लिहिलेलं. तो म्हणाला, "मागितली कुठे?" दोन वर्षांनी मी निम्मी फी त्याच्या घरी नेऊन दिली. निम्मीच का, हे मला आजही सांगता येत नाही. बोर्ड अजून माझ्या पोटमाळ्यावर आहे.

असो. आता तुझ्या फाइलवर येतो.

तू लिहिलंयस, तीन लाख फी, सहा टक्के रॉयल्टी, "दीड वर्षात पैसे वसूल". हे दीड वर्ष कुठून आलं? तुझ्या दुकानाच्या हिशोबावरून. तुझा गल्ला दिवसाला दहा हजार आहे, मान्य. पण गाळा तुझ्या वडिलांचा, भाडं शून्य. मसाला आई करते, पगार शून्य. तू पहाटे पाचपासून उभी, तुझाही पगार शून्य. तो फायदा नाही गं, ते तुमच्या घरच्या तिघांचे न घेतलेले पगार आणि भाडं आहे. दुसऱ्या गावात भाड्याच्या गाळ्यात बसणाऱ्याला हे काहीच मिळणार नाही.

मी त्या सातांपैकी एकाचा महिना मांडून बघितला. पहिल्या वर्षी त्याचा गल्ला तुझ्याएवढा होणार नाही. साठ टक्के धर, दिवसाला ६,००० रुपये, महिन्याला १,८०,०००. मटकी, फरसाण, पाव, तेल, गॅस, पार्सलचे डबे मिळून ४२ टक्के धरले, म्हणजे ७५,६००. भाडं २५,०००. एक आचारी, दोन पोरं, पगार ३८,०००. वीज, पाणी, दुरुस्ती, फुटतूट ११,०००. तुझी सहा टक्के रॉयल्टी १०,८००, आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी, १,९४४. इथे जरा थांब. खाण्याच्या दुकानाला पाच टक्के जीएसटी लागतो आणि त्यात खरेदी करताना भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. म्हणजे तुझ्या रॉयल्टीवरचे १८ टक्के त्याच्या खिशातून जातात ते जातातच. फीचंही तेच. तुला तीन लाख मिळतात तेव्हा त्याचे ३,५४,००० गेलेले असतात. तुझ्या फाइलमध्ये हे ५४,००० कुठेच नाहीत.

हे सगळं वजा करून त्याला उरले १७,६५६ रुपये. त्याने फर्निचर, भट्टी, भांडी यांवर पाच लाख घातले, गाळ्याचं डिपॉझिट दीड लाख, हातात खेळतं भांडवल पन्नास हजार, वर तुझी फी. साडेदहा लाख झाले. त्यातले सहा लाख बँकेचे असतील तर १२ टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता साधारण १३,३५०. राहिले ४,३०० रुपये. पहाटे पाचला उठून, महिनाभर उभं राहून ४,३००. तुझ्या आचाऱ्याचा पगार किती आहे?

आता तू म्हणशील, मग फी कमी करते. कर. पण हिशोब पुढे नेऊन बघ. फी ७५,००० केलीस तर त्याचं कर्ज अडीच-पावणेतीन लाखांनी कमी होतं आणि हातात साधारण दहा हजार राहतात. अजूनही तो फसलेलाच आहे. आणि आता फी तशीच ठेवून फक्त गल्ला ६,००० वरून ८,००० कर. भाडं तेच, पगार तेच, हप्त्याआधी उरतात ४८,००० च्या वर. दिवसाला दोन हजारांनी, म्हणजे पंचवीस प्लेटांनी, त्या माणसाचं आयुष्य बदलतं. तुझी रॉयल्टी मात्र १०,८०० वरून १४,४०० होते, एवढंच. म्हणजे त्या पंचवीस प्लेटांची गरज तुझ्यापेक्षा त्याला कितीतरी जास्त आहे, आणि त्या वाढवायचं ज्ञान तुझ्याकडे आहे. फ्रँचायझी म्हणतात ती एवढीच गोष्ट. बाकी बोर्ड तर कुणीही छापून देतो.

फी किती, याचं उत्तर मग सोपं आहे. दुकान उघडून द्यायला तुझा खरोखर जेवढा खर्च होतो तेवढी. त्याच्या एकवीस दिवसांच्या राहण्या-जेवणाचे पंधरा हजार, तुझा आचारी त्याच्याकडे पंधरा दिवस जाईल त्याचे अठरा, जागा बघायच्या तीन फेऱ्यांचे बारा, वकिलाचे दहा, छापलेली कृती आणि कपडे यांचे दहा. झाले पासष्ट. अडीअडचणीचे दहा धरून पाऊण लाख घे. त्यात तुला काही उरत नाही, आणि उरू नये हाच तर मुद्दा आहे. फीमध्ये काही उरत नसेल तरच तू चुकीच्या माणसाला नाही म्हणशील.

हे म्हाताऱ्याचं सोवळं वाटेल तुला. म्हणून एक बाहेरचं उदाहरण देतो. रे क्रॉकने १९५५ मध्ये मॅकडोनाल्ड भावांच्या नावाने दुकानं द्यायला सुरुवात केली तेव्हा फी होती ९५० डॉलर, आणि विक्रीवर १.९ टक्के. त्यातलाही अर्धा टक्का त्या भावांचा. पहिली काही वर्षं त्याला त्यात धड पोट भरता आलं नाही. पुढे त्याने जागा आपल्याकडे घेऊन दुकानदाराला भाड्याने द्यायला सुरुवात केली आणि तिथे पैसा आला. पण तेही भाडं विक्रीशी बांधलेलं होतं. दुकान जितकं चालेल तितकं जास्त मिळेल. आपल्याकडे अमूल पार्लरवाल्याकडून रॉयल्टी घेतच नाही, त्यांचा माल खपला पाहिजे एवढंच बघतं. दोघांच्या वाटा वेगळ्या, पण पैसा दोघांनाही गल्ल्यावरून येणारा. मी मात्र दुकानाच्या दारावरच टोलनाका लावून बसलो होतो.

आता चवीचं. तुझी आई मसाला हाताने घालते. "अंदाज" हा शब्द ती रविवारी मिनिटाला एकदा म्हणत होती. तिच्या अंदाजाला माझा नमस्कार आहे, पण अंदाज टेम्पोत घालून पाठवता येत नाही. पुढचे चार रविवार तिच्या शेजारी वजनकाटा घेऊन बस. ती मूठ उचलेल ती आधी काट्यावर टाकायला लाव. चार वेळा वेगळे आकडे येतील, ती चिडेल, तूही चिडशील. मग त्यावरून कृती लिही आणि तीच कृती तिघांना करायला दे, आईला, तुझ्या आचाऱ्याला आणि ज्याने कधी मिसळ केली नाही अशा एकाला. तीन वाट्या तुझ्या रोजच्या गिऱ्हाइकांपुढे ठेव, कुठली कुणाची ते न सांगता. त्यांना आईची वाटी ओळखता आली तर तुझी कृती अजून कागदावर उतरलेली नाही. फ्रँचायझीचं नावही काढू नकोस तोपर्यंत.

आणि सगळाच मसाला पाकिटात भरायचा मोह टाळ. तुझ्या मसाल्यात भाजलेलं खोबरं आहे. पावसाळ्यात ते पाकीट तीन आठवड्यांत खवट होईल आणि दुकानदार तेच वापरत राहील, कारण त्याने पैसे मोजलेत. मिरची, धने, दगडफूल, लवंग, दालचिनी, हे कोरडं तू दे. कांदा-खोबऱ्याचं वाटण त्याने रोज तिथे करायचं, वजन तू द्यायचं. मिरचीसुद्धा दर महिन्याला बाजारातून उचलू नकोस. रंगाची ब्याडगी आणि तिखटाची संकेश्वरी, दोन्ही नवीन माल आला की वर्षाची घेऊन शीतगृहात ठेव. नाहीतर मार्चची तर्री लाल आणि ऑक्टोबरची विटकरी. गिऱ्हाईक काही बोलत नाही, फक्त यायचं बंद होतं.

पाण्याचंही बघ. तुझ्याकडे कृष्णेचं पाणी आहे. जिथे बोअरचं जड पाणी आहे तिथे मटकी तेवढ्याच शिट्ट्यांत शिजत नाही, दाताखाली लागते. मोडांचंही तसंच. कोकणात एका रात्रीत येतात तेवढे मोड जानेवारीत नाशिकला येत नाहीत. म्हणून कृतीत "दहा तास" असं लिहू नकोस, मोड किती लांब झाल्यावर मटकी घ्यायची ते लिही, आणि शेजारी फोटो लाव. त्या नऊ फोटोंपैकी एकाची जागा तिथे आहे.

शिकवणं. मी चार दिवस शिकवायचो. समोरचा माणूस काउंटरपलीकडे उभा राहून माझा हात बघायचा, मान हलवायचा, व्हिडिओ काढायचा. चौथ्या दिवशी आम्ही फोटो काढायचो, हार वगैरे. त्याला चहा येत नव्हता, मला कळत होतं, पण उद्घाटनाची तारीख ठरलेली असायची. तू एकवीस दिवस घे. पहिला आठवडा भांडी, भाजी निवडणं, पावाचा हिशोब. यातच अर्धे पळतील, पळू देत, पाऊण लाखात तुझं काही जात नाही. दुसरा आठवडा शेगडी. तिसऱ्या आठवड्यात दुकान त्याच्या ताब्यात दे आणि तू कोपऱ्यातल्या टेबलावर बस. तोंड उघडायचं नाही. तर्री करपली तरी उघडायचं नाही, गिऱ्हाईक गेलं तरी नाही. हे तुला जमणार नाही, मला माहीत आहे, तुझा स्वभाव बघितलाय मी. पण तो त्या आठवड्यात जे शिकेल ते नाहीतर त्याला त्याच्या गावात दीड लाख घालवून शिकावं लागेल.

लक्ष ठेवण्याबद्दल तू फाइलमध्ये "अचानक भेट" आणि सीसीटीव्ही लिहिलंयस. भेटी दे, पण चोरी कॅमेऱ्यात दिसत नाही, ती हिशोबात दिसते. माझ्या चहाला एक लिटर दुधात अठरा कप निघायचे, ना जास्त ना कमी. एका दुकानाची रॉयल्टी सारखी घसरत होती. मालक म्हणे, धंदाच नाही काका. मी त्याच्या दूधवाल्याला गाठलं, सहज गप्पा मारल्यासारखं. रोज तीस लिटर. म्हणजे पाचशे चाळीस कप. बिलात दिसत होते तीनशे दहा. उरलेलं दूध मांजर पीत होतं का?

तुझ्याकडे हे जास्त सोपं आहे. मसाल्याचं पाकीट असं बांध की एकात बरोबर साठ प्लेट निघतील. महिन्याला एखाद्याची बिलं १,८०० प्लेटांची आहेत आणि पाकिटं त्याने अठराच नेली, तर समज की बाहेरचा मसाला मिसळतोय किंवा तर्री पातळ करतोय. पाकिटं तीस नेली आणि बिलं १,१०० ची, तर चव ठीक आहे पण विक्री लपवतोय. आणि दोन्ही करणारा हुशार भेटला, पाकिटंही कमी आणि बिलंही कमी, तर त्याला पाव पकडून देतो. प्लेटीला दोन पाव, आणि बेकरीवाल्याची वही खोटं बोलत नाही. करारात एवढंच घाल की पाव आणि मसाला यांची बिलं दर महिन्याच्या पाच तारखेपर्यंत तुला बघायला मिळाली पाहिजेत.

पण ऐक. आकडे जुळले नाहीत की लगेच चोर म्हणून धावून जाऊ नकोस. मी त्या तीनशे दहावाल्यावर चारचौघांत ओरडलो. तो म्हणाला, "काका, तुमची रॉयल्टी भरली असती तर मुलाची शाळेची फी राहिली असती. तुम्ही सहा महिन्यांत एकदा तरी आलात का?" मी गेलो नव्हतो. मी बाराव्या दुकानाच्या मागे होतो. ज्याला काही उरत नाही तो चोरीच करतो, आणि त्याला काही उरत नाही हे तुला दोन महिने आधी त्याच पाकिटांच्या हिशोबात दिसायला हवं. मसाल्याचा भावही असा ठेव की बाजारात तसाच अर्ध्या किमतीत मिळत नसेल. नाहीतर तूच त्याला बाहेर पाठवतेस.

कागदपत्रांचं थोडक्यात. आपल्याकडे फ्रँचायझीचा म्हणून वेगळा कायदा नाही. १८७२ चा करार कायदा आणि नावासाठी १९९९ चा ट्रेडमार्क कायदा, मुख्यतः यांवरच चालतं. अमेरिकेत पैसे घेण्याच्या चौदा दिवस आधी सगळी माहिती लेखी द्यावी लागते, बंद पडलेल्या दुकानांसकट. इथे सक्ती नाही, म्हणून तू स्वतःहून दे. दुकानाचं नाव आधी नोंदव, खाण्याच्या सेवेचा वर्ग ४३ आणि मसाल्याचा वर्ग ३०, दोन्हींत. नोंदणी हातात येईपर्यंत नावाशेजारी गोलातला ‘आर’ छापायचा नाही, ते कायद्याला चालत नाही, आणि तुझ्या फाइलच्या मुखपृष्ठावर तो आत्ताच छापलेला आहे. अन्न परवाना प्रत्येक दुकानाचा वेगळा लागतो, तुझा त्याला चालत नाही. आणि "करार संपल्यावर तीन वर्षं मिसळ विकणार नाही" हे कलम वाचून मला हसू आलं. धंदा करण्यापासून माणसाला रोखणारा करार आपल्या कायद्यात, कलम २७ प्रमाणे, सहसा टिकत नाही. तुझा बोर्ड उतरवून तो शेजारी दुसऱ्या नावाने मिसळ विकेल आणि तू बघत बसशील. त्याला धरून ठेवायचं असेल तर तुझ्याबरोबर राहिल्याने त्याच्या गल्ल्यात चार पैसे जास्त पडले पाहिजेत. पुन्हा तिथेच आलो मी. येणारच.

तुझा भाऊ म्हणेल, काकांचं बुडालं म्हणून ते सगळ्यांना घाबरवतात. म्हणू दे. अकरांतली तीन दुकानं अजून चालू आहेत आणि तिघंही मला दर महिन्याला न मागता पैसे पाठवतात. तिघांच्याही जागा मी सकाळी सहा, दुपारी बारा आणि संध्याकाळी सहाला बघितल्या होत्या. ती पहिली तीन होती, तेव्हा मला पैशाची घाई नव्हती. म्हणजे मला येत होतं गं. येत असून केलं नाही.

म्हणून सात जणांना आत्ता काही सांगू नकोस. आधी स्वतःचीच फ्रँचायझी घे. शेजारच्या तालुक्यात भाड्याचा गाळा, पगाराचा आचारी, पाकिटातला मसाला, आई नाही, तू नाही. स्वतःकडून सहा टक्के रॉयल्टी कापून वेगळ्या खात्यात टाक, जीएसटीसकट. आठवड्यातून एकदाच जायचं. सहा महिने तो गाळा भाडं, पगार आणि रॉयल्टी देऊन उरला, तर तुझ्याकडे द्यायला काहीतरी आहे. नाही उरला, तर सात जणांच्या ऐवजी तुझे एकटीचे पैसे गेले, आणि ते तुला परवडतील.

गुरुवारी ये. सकाळी सहाला, नऊला नाही. माझ्या दुकानासमोर बसू आणि गिऱ्हाईक मोजू. त्या साताऱ्याच्या गाळ्याबद्दल तू म्हणत होतीस, तो तिथून दिसतो. येताना आईची वजनं लिहिलेली वही आण, चार रविवार झाले नसतील तरी चालेल, एक तरी आण. आणि फाइलच्या मागच्या कप्प्यात एक पावती सापडली मला, पन्नास हजारांची, टोकन म्हणून घेतलेले. तू काही बोलली नाहीस त्याबद्दल. बुधवारी त्याला ते परत करून ये.

काका